उशी किती उंच हवी? आधी झोपायची बाजू पाहा, मग दुकानात जा

सकाळी उठल्या उठल्या मानेच्या वरच्या टोकापासून कळ निघते, डोक्याच्या एकाच बाजूने डोळ्यापर्यंत येते आणि दहा-अकरापर्यंत कामाच्या धबडग्यात आपोआप ओसरते. आपल्याकडे याला बहुतेक वेळा ‘पित्त’ म्हणतात, काही घरांत ‘अर्धशिशी’. मग आलं-लिंबाचा रस, बाम, गोळी असं सुरू होतं. नाशिकरोडला फिजिओथेरपी करताना असे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना मी उशीबद्दल विचारते, तेव्हा ते म्हणतात, “नवीनच घेतली मॅडम, महागातली.” नवीन उशी घेण्याच्या बेतात असाल, तर हे वाचून मग ठरवा.

दुखणं मानेचं, जाणवतं कपाळात

मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा आणि चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस यांचे संदेश मेंदूच्या खालच्या भागात आणि मज्जारज्जूच्या वरच्या टोकात एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे वरचा सांधा रात्रभर ताणला किंवा दाबला गेला, तर मेंदूला तो त्रास कपाळात किंवा डोळ्यामागे असल्यासारखा वाटतो.

हे दुखणं मानेतून आलं असावं, अशी शंका घेण्याची तीन कारणं असतात. एक, ते बहुधा एकाच बाजूला राहतं, आज उजवीकडे आणि उद्या डावीकडे असं फिरत नाही. दोन, सकाळी मान त्या बाजूला पूर्ण वळत नाही. तीन, डोक्याच्या मागे, केस जिथे सुरू होतात तिथे बोटाने दाबलं की तेच ओळखीचं दुखणं पुढे सरकतं. चौथी खूण रुग्ण स्वतःच सांगतात आणि मला ती सगळ्यांत उपयोगी वाटते: माहेरी किंवा गावाला वेगळ्या गादीवर झोपलं की त्रास होत नाही. मायग्रेनमध्येही मान दुखते, त्यामुळे एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

पाठीवर आणि कुशीवर: गरज वेगवेगळी

पाठीवर झोपताना डोकं आणि गादी यांत जागा थोडीच उरते, म्हणून उशी कमी लागते. दाबल्यानंतर पाच ते आठ सेंटिमीटर बहुतेकांना पुरतात, पाठीला पोक असलेल्यांना थोडी जास्त. त्यापेक्षा उंच झाली की हनुवटी छातीकडे जाते, आणि मानेच्या मागचे स्नायू आणि सांधे तासन् तास ताणलेले राहतात. कुशीवर मात्र खांद्याची जाडी भरून काढावी लागते, तिथे तीच पातळ उशी डोकं गादीकडे लटकवते. कुशीवरच्या माणसाला साधारण दहा ते तेरा सेंटिमीटर लागतात, रुंद खांद्याच्या पुरुषाला त्याहून थोडे अधिक.

कुशीचं माप घरीच काढता येतं. भिंतीला खांदा टेकवून सरळ उभे राहा. डोकं सरळ ठेवलं की भिंत आणि कान यांच्यात किती अंतर आहे, ते दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. त्यातून खांदा गादीत किती रुततो तेवढं वजा करा. काथ्याच्या कडक गादीत दोन-तीन सेंटिमीटर, मऊ फोमच्या गादीत बरंच जास्त. म्हणूनच एकाच माणसाला गादी बदलली की उशीही बदलावी लागते, आणि गादी नवी घेतल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी मला त्यामुळेच नवल वाटण्यासारखी नाही.

पाठीसाठी उजेडात एक फोटो काढून घ्या. दहा मिनिटं पडून राहा, उशी दबू द्या, मग बाजूने फोटो. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत हवीत. कुशीसाठी समोरून काढलेल्या फोटोत नाक, हनुवटी आणि गळ्याखालची खाच एका आडव्या रेषेत हवी. खांदा उशीवर चढलेला नसावा. उशीवर फक्त डोकं आणि मान.

पोटावर झोपणाऱ्यांसाठी या मापांचा काही उपयोग नाही. श्वासासाठी मान एका बाजूला जवळपास टोकापर्यंत वळवावी लागते आणि ती तशीच राहते. त्यात उशी उंच असेल तर मान मागे वाकलेलीही असते. इथे उशी बदलण्यापेक्षा बाजू बदलणं जास्त फायद्याचं. छातीशी एक उशी कवटाळून कुशीवर येण्याची सवय लावली, तर शरीर तिला टेकून राहतं आणि पुन्हा पालथं पडणं कमी होतं.

कापूस, मेमरी फोम की लॅटेक्स

आपल्याकडे बऱ्याच घरांत कापसाची उशी असते. तिचा गुण असा, की ती डोक्याचा आणि मानेचा आकार घेते आणि गादीवाल्याकडे कापूस पिंजून पुन्हा भरून घेता येतो. दोष असा, की भरल्या दिवशी ती कडक आणि उंच असते, पण काही महिन्यांत दबते आणि गोळे होतात. उंची रोजच बदलत असल्यामुळे त्रास कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येत नाही. भरताना गादीवाला ठासून भरतो, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना भरगच्च उशी आवडते. पाठीवर झोपणाऱ्याने “कमी भरा” असं मुद्दाम सांगावं.

मेमरी फोम डोक्याच्या उबेने मऊ होतो आणि हळूहळू खाली जातो. पण थंडीत तो कडक होतो, आणि नाशिकच्या जानेवारीत खोलीचं तापमान इतकं उतरतं की संध्याकाळी दुकानात मऊ वाटलेली उशी रात्री पहिल्या अर्ध्या तासात तरी खूप उंच राहते. दोन उंचवट्यांची नागमोडी उशी मला उंच आणि बुटक्या दोन बाजूंमुळे आवडते, पण लोक ती पाठीवर झोपूनही उंच बाजू मानेखाली घेऊन वापरतात.

लॅटेक्स जड आणि महाग असतं, पण दाबलं तरी उंची टिकवतं. ऑस्ट्रेलियात कुशीवर झोपणाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये छापून आला, जागं होताना होणाऱ्या डोकेदुखीसाठी लॅटेक्सची उशी इतर प्रकारांपेक्षा बरी ठरली. पिसांची सर्वांत वाईट निघाली. नागमोडी फोम मात्र साध्या फोमपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे कुशीवर झोपत असाल आणि खर्च करायचाच असेल, तर मी आकारावर नव्हे, लॅटेक्सवर करेन. पाठीवर झोपणाऱ्याला मात्र आधी जुनीच उशी कमी करून बघायला सांगेन.

सिडकोतल्या एका बाईंची गोष्ट

वय सेहेचाळीस, काम संगणकासमोर. आठवड्यातून चार-पाच सकाळी उजव्या डोळ्यावर दुखायचं. पित्ताचा त्रास खरंच होता, म्हणून डोकं उंच ठेवायला त्या दोन उशा घेत. खालची फोमची, वरची कापसाची, दोन्ही मिळून दाबल्यावर बारा सेंटिमीटर. मध्ये त्यांनी नागमोडी मेमरी फोमची उशी आणली, उंच बाजू मानेखाली घेतली. काहीच फरक पडला नाही, उलट मान जास्त आखडली.

“मी पाठीवरच झोपते,” असं त्यांनी ठाम सांगितलं. मी त्यांच्या मुलीला तीन दिवस पहाटे पाचला फोटो काढायला सांगितले. तीनही फोटोंत त्या डाव्या कुशीवर होत्या. माणूस झोपताना कसा पडतो हे त्याला आठवतं, पहाटे कसा असतो ते नाही. माप घेतलं: भिंतीपासून कानापर्यंत तेरा सेंटिमीटर, काथ्याच्या गादीत खांदा तीन सेंटिमीटर रुतायचा, म्हणजे कुशीला दहा हवे. पाठीवर फोटो सहा सेंटिमीटरवर जुळला. एकीला दोन उंची लागत होत्या, आणि बारा त्यांतल्या कुठल्याच बाजूला बसत नव्हते. पहिले काही तास मान पुढे वाकलेली, नंतर कुशीवर डोकं किंचित वर उचललेलं.

आम्ही नवी उशी घेतली नाही. कापसाची उशी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना अभ्र्याच्या आत सुती चादरीच्या घड्या ठेवल्या, मधला भाग मोकळा ठेवला. मध्ये सहा, कडेला दहा. कुशीवर वळलं की डोकं आपोआप उंच भागावर जातं. पित्तासाठी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावले, कारण उशीने फक्त मान वाकते, अन्ननलिका उतारावर येत नाही. डावी कुस तर पित्तासाठीही बरी असते.

पहिले तीन-चार दिवस त्यांना चैन पडलं नाही, उशी “हरवल्यासारखी” वाटली. हे सर्वांना होतं, म्हणून एक बदल केला की निदान आठवडा थांबावं आणि एका वेळी एकच सेंटिमीटर हलवावा. त्या रोज दुखण्याला शून्य ते दहा आकडा देत आणि मान उजवीकडे किती वळते ते आरशात बघत. तिसऱ्या आठवड्यात दुखऱ्या सकाळी दोनवर आल्या. उरलेल्या दोन मात्र उशीने गेल्या नाहीत. वरच्या सांध्याची उजवीकडची हालचाल अजून कमी होती. मान पूर्ण पुढे वाकवून डोकं फिरवल्यावर डावीकडे चाळीसच्या पुढे अंश जात होते, उजवीकडे जेमतेम अठ्ठावीस. त्यासाठी सांध्यावर हाताने उपचार आणि मानेच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम सहा आठवडे लागले. उशीने रोजची इजा थांबवली, आधीच आखडलेला सांधा तिने सैल केला नाही.

उशी बदलण्याआधी डॉक्टरांकडे कधी

घोरणं, सकाळी तोंड कोरडं, दिवसा झापड आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं डोकं दुखणं असेल, तर झोपेत श्वास थांबण्याचा आजार तपासावा. तिथे उशीचा खेळ वेळ घालवतो. महिन्यात पंधरा दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत असाल, किंवा मिश्र गोळ्या दहा दिवस, तर गोळीच सकाळचं दुखणं वाढवत असू शकते. कानशिलं आणि जबडा दुखत असेल तर झोपेत दात चावण्याची शंका घ्यावी.

आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, अचानक विजेसारखी उसळलेली, खोकताना किंवा आडवं पडल्यावर वाढणारी, उलटी, अस्पष्ट दिसणं, हातापायातली ताकद कमी होणं किंवा ताप यांच्यासोबतची असेल, तर टेप काढून मापं घेत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.