4x6 च्या कागदावर 8 पासपोर्ट फोटो: रायटरमधे लावायचे की जेपीजी शीट बनवायची?

अमळनेरला आमचं फॉर्म भरायचं दुकान आहे, पोलीस भरती निघाली की पोरं रांग लावतात आणि सगळ्यांना 35 बाय 45 मिलीमीटरच फोटो पाहिजे. दोन्ही पद्धती वापरून झाल्यात म्हणून लिहितोय भो.

हिशोब आधी. 4x6 कागद म्हणजे 152.4 बाय 101.6 मिमी. आडवा धरला की एका ओळीत चार, अशा दोन ओळी. मधे 1 मिमी फट सोडली तरी चारी बाजूंना साधारण 5 मिमी उरतात, म्हणून बॉर्डरलेसची गरजच नाही. प्रिंटर कडेला यापेक्षा जास्त जागा सोडत असेल तर मुकाट्याने सहाच लावा.

जेपीजी शीट म्हणजे जिम्प किंवा फोटोशॉपमधे 300 डीपीआयला 1800 बाय 1200 पिक्सेलचं पान आणि एकेक फोटो 413 बाय 531 चा. दिसायला झकास, पण साइज डीपीआयच्या भरवशावर असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवली की पिक्सेल कमी होतात आणि गणित फिसकटतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लॅबमधून काढून घ्यायचं असेल तर मात्र हीच, लॅबवाल्याला जेपीजीच लागते.

लिब्रेऑफिस रायटरमधे पानाची साइज 15.24 बाय 10.16 सेंमी टाकायची आणि फोटोला सरळ 3.5 आणि 4.5 द्यायचे, डीपीआयची कटकट नाही. फक्त फोटो आधीच 7:9 मधे क्रॉप करा, नाहीतर रुंदी-उंची जबरदस्तीने बसवताना चेहरा ताणला जातो, माझ्याकडून एका पोराचं तोंड असं रुंद झालं की त्याच्या आईनेच विचारलं हा कोण म्हणून. मग पीडीएफ करून प्रिंटला Actual size निवडा, Fit नको.

आता खरी गोची, दोन्हीत सारखीच. बॉर्डरलेस चालू असलं की कडेला पांढरं राहू नये म्हणून प्रिंटर आख्खं पानच थोडं मोठं करतो. मागे एका गठ्ठ्यात 35 चा फोटो 36 भरला, डोळ्याला काहीच कळलं नाही, स्टीलची पट्टी लावली तेव्हा दिसलं. तेव्हापासून त्याच मापाच्या साध्या कागदावर 100 मिमीची रेघ आधी छापून मोजतो. 103 आली तर 3 टक्के फुगलंय, म्हणजे बॉर्डरलेस कुठेतरी चालू आहे. 97 आली तर प्रिंटरने मार्जिनमधे बसवायला आकसवलंय.

घरच्या प्रिंटरवर काढायचे असतील तर मी डोळे झाकून रायटर सांगेन. फाइल एकदा बनली की पुढच्या गिऱ्हाइकाला नुसते फोटो बदलायचे, रेघ मात्र कागदाची किंवा प्रिंटरची सेटिंग बदलली की परत छापायची.