जुनी धोप की 'जुनी दिसणारी' धोप? घेण्याआधी हातात धरून पाहा

दसऱ्याच्या पूजेला किंवा संग्रहासाठी धोप, म्हणजे लांब, सरळ पात्याची मराठा तलवार, घ्यायची म्हटलं की दोन प्रकारच्या वस्तू समोर येतात. एक खरोखरीची जुनी: काळपट, टोकाशी झिजलेली, मुठीचं अस्तर उडालेलं. दुसरी अलीकडे घडवलेली, पण मुद्दाम काळी करून 'अँटिक' म्हणून विकायला ठेवलेली. किंमत कधी कधी जवळजवळ सारखीच सांगितली जाते आणि दुसरी दिसायला जास्त रुबाबदार असते. मी दोन्ही शेजारी ठेवून बरेच दिवस विचार केला होता आणि अखेर पहिली घेतली. माझा कल कुठे आहे हे त्यामुळे उघडच आहे, तरी दोन्हींची बाजू जमेल तेवढी नीट मांडतो. भिंतीवरच्या चकचकीत स्टेनलेसच्या तलवारींबद्दल बोलत नाही, त्या कुणालाही ओळखता येतात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. 'पातं युरोपी आणि मूठ देशी, म्हणजे जोडाजोड केलेली बनावट' असं अनेक जण ठामपणे सांगतात. मराठा धोपेच्या बाबतीत हे उलटं आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारातून युरोपी पाती आपल्या किनाऱ्यावर उतरत होती, त्यांना इथे परजेची, म्हणजे हात झाकणाऱ्या लोखंडी पत्र्याची, मूठ बसवली जायची आणि त्या तलवारीला फिरंगच म्हणायचे. लंडनच्या राजसंग्रहात असलेली, १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला दिली गेलेली तलवारही युरोपी पात्याचीच आहे. पात्यावरच्या खुणांचंही तसंच. धावता लांडगा, जिनोव्हाच्या विळीसारख्या दातेरी कमानी, 'अँड्रिया फेरारा' ही अक्षरं या सगळ्यांच्या नकला त्या काळातच होऊ लागल्या होत्या, युरोपात आणि हिंदुस्थानातही. त्यामुळे खूण आहे म्हणून पातं जर्मनीतल्या सोलिंगेनचं ठरत नाही आणि खूण ओबडधोबड आहे म्हणून ते नवं ठरत नाही. खूण कशी कोरली आहे ते मात्र पाहावं. जुनी खूण छिन्नीच्या चार-सहा घावांची असते, प्रत्येक रेघेची खोली वेगळी. ॲसिडने किंवा यंत्राने उमटवलेली खूण सगळीकडे एकाच खोलीची, सपाट तळाची दिसते.

आता मूठ. जुन्या मुठीत पात्याची आखूड शेपटी पोकळीत जाते आणि राळ-लाखेच्या मिश्रणाने घट्ट होते. धोपेत शिवाय मुठीतून पात्याच्या दोन्ही अंगांवर लोखंडी पट्ट्या उतरतात आणि त्या आरपार रिव्हेटांनी जखडलेल्या असतात. या रिव्हेटांची डोकी हातोडीने बसवलेली असल्यामुळे एकही दुसऱ्यासारखं नसतं, आणि शतकभर पुसून पुसून ती पट्टीच्या पातळीपर्यंत घासली गेलेली असतात. नव्या मुठीत डोकी एकसारखी गोल, उठावदार दिसतात. त्याहून नेमकी जागा म्हणजे मुठीमागची सळई, जिच्यावर दुसरा हात ठेवून वार करता यायचा. नव्या प्रतीत बऱ्याचदा हीच सळई फिरवली की निघते, कारण ती आतल्या आटे पाडलेल्या दांड्यावर बसवलेला नट असते, आणि तो दांडा पात्याला वेल्ड केलेला असतो. अशी तलवार हवेतही फिरवू नका. वेल्ड तुटला तर पातं सुटून कुठे जाईल याचा नेम नसतो.

मूठ हलते म्हणून तलवार नाकारू नये, एवढं इथेच सांगतो. जुनी लाख वाळून तडकते आणि मूठ खुळखुळते. जाणकार कारागीर ती मूठ हळूहळू गरम करून लाख पुन्हा बसवतो. मुठीच्या तोंडाशी तडकलेली काळी-तपकिरी लाख दिसली तर मला ती घट्ट मुठीपेक्षा जास्त दिलासा देते. पांढुरकी, काचेसारखी चमकणारी इपॉक्सी दिसली तर ती डागडुजीही असू शकते, पण मी तिथे थांबून बाकीचं सगळं पुन्हा तपासतो.

परजेच्या आत अस्तर असायचं, कापडाचं, कधी मखमलीचं. ते शिवण्यासाठी पत्र्याच्या कडेने बारीक भोकं पाडलेली असतात. कापड गेलं तरी भोकांच्या कडा दोऱ्याने आणि हाताने गुळगुळीत झालेल्या राहतात. नव्या प्रतीतही भोकं दिसतात, पण ड्रिलची धारदार कड तशीच असते, कारण त्यांतून कधी काही ओवलंच गेलेलं नाही. काही नव्या मुठींना भोकं फक्त बाहेरून ठोकलेली असतात, आरपार नसतातच.

पन्हळीकडे वळतो. पात्यावरची पन्हळ वजन कमी करते, हे वाचकाला माहीत असणारच. प्रश्न ती कशी संपते हा आहे. फिरंगेच्या पात्यावर अनेकदा दोन-तीन अरुंद पन्हळी शेजारी शेजारी असतात. जुन्या पात्यात त्या मुठीवरच्या पट्ट्यांच्या खालून सुरू होतात, कारण पातं आधी झालं आणि मूठ नंतर चढली. पुढे जाताना त्या उथळ होत होत विरतात, नेमक्या कुठे संपल्या ते बोटाला सांगता येत नाही. कडांची धार पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्याने गेलेली असते, आणि दोन पन्हळींमधली रेघ कुठे तरी किंचित डुलते. नव्या पात्यात यंत्राच्या कटरने पाडलेली पन्हळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच खोलीची असते आणि कटर उचलला तिथे अर्धवर्तुळात तुटते. पट्टीच्या टोकाला मोकळी जागा सोडून दोन बोटांवर ती अचानक सुरू झालेली दिसली, तर मूठ आणि पातं एकाच आराखड्यावर एकाच वेळी तयार झाले असं समजायला हरकत नाही. पातं खिडकीपाशी तिरपं धरा. कटरच्या आडव्या, समान अंतरावरच्या बारीक लहरी उजेडात उठून दिसतात. हाताने खरवडलेल्या पन्हळीतल्या रेघा लांबीच्या दिशेने धावतात.

एवढं सगळं सावकाश ठरवता येतं. माझा निर्णय मात्र ज्या एका त्रासाने केला तो वेगळाच होता. ती दुसरी धोप दिसायला देखणी होती, पण हातात घेतली की टोक खाली जायचं. दर वेळी. मूठ बदलून धरली, मनगट सैल सोडलं, सळईवर दुसरा हात ठेवला, तरी टोक खालीच. पाच मिनिटं हातात ठेवली की मनगटात कळ यायची, पहार धरल्यासारखी. जुनी धोप तिच्याहून लांब होती. तरी ती हातात घेतल्यावर टोक जिथे दाखवावं तिथे थांबायचं.

कारण पाठीकडून पाहिल्यावर दिसलं. मुठीकडून टोकाकडे एका डोळ्याने पाहा, बंदुकीचा नेम धरतात तसं. जुन्या पात्याची जाडी मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर असते आणि टोकाकडे जाता जाता दोनच्या आसपास उतरते. घडवताना लोहार पातं ठोकून पातळ करत नेतो. नवं पातं बाजारातल्या पट्टीतून कापून, फक्त कडा घासून बनवलेलं असतं, त्यामुळे पट्टीची जाडी टोकापर्यंत तशीच राहते. शिवाय जुनी परज लोखंडी आणि जड असते, ती लांब पात्याला तोलून धरते. नवी परज बऱ्याचदा पातळ पत्र्याची असते, मग तोल पुढे सरकतो. पातं बोटावर आडवं ठेवून पाहिलं तर जुन्या धोपेचा तोल मला परजेपासून वीतभराच्या आत सापडत आला आहे, नव्या प्रतींचा बऱ्याचदा त्याच्या पुष्कळ पुढे. वजनाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. किलो-सव्वा किलोची जुनी धोप असते आणि नवीही तेवढी भरू शकते. खंडा या जातीचं पातं टोकाकडे मुद्दामच रुंद आणि जड असतं, त्याला हा नियम लावू नये. हे मी धोपेपुरतंच बोलतोय.

झीज हा शेवटचा साक्षीदार, आणि खोट्या झिजेचं काम हल्ली बरंच सफाईदार झालं आहे. खरा जुना गंज गडद तपकिरी ते काळा, लोखंडाला धरून बसलेला, खड्डे लहान-मोठे आणि एका बाजूला जास्त, कारण म्यानात ओल एका बाजूनेच लागते. ॲसिडचा गंज सगळीकडे सारखा, नारिंगी छटेचा, बोटाला भुकटी लागणारा. पण मी गंजाआधी धार पाहतो. वापरलेल्या पात्याची धार पुन्हा पुन्हा लावल्याने पातं अधल्यामधल्या भागात किंचित अरुंद झालेलं असतं आणि मुठीलगतचा भाग मूळ रुंदीचा राहतो. हे नक्कल करणाऱ्याला सहसा सुचत नाही. घराण्यातली तलवार असेल तर परजेच्या सांध्यांत तेल आणि हळदकुंकवाचा दगडासारखा थर असतो, आणि पात्यावर विटकरीच्या भुकटीने घासल्याच्या लांब रेघा. नुसतं कुंकू लावलेलं असेल तर त्याचा अर्थ काहीच नाही, ते कालही लावता येतं.

लोहचुंबक घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सूचना: तलवारींसाठी वापरलं जाणारं स्टेनलेस बहुतेक चुंबकाला चिकटतंच, त्यामुळे पात्यावर त्याचा उपयोग नाही. मुठीवर वापरा. लोखंडी म्हणून सांगितलेली काळी मूठ चिकटली नाही तर ती रंगवलेलं पितळ किंवा ओतीव मिश्रधातू आहे.

सगळ्यात अवघड प्रकार राहिला तो अर्धा-अर्धा: जुनी मूठ, नवं पातं. मूठ सगळ्या कसोट्यांना उतरते आणि माणूस फसतो. इथे पट्टी आणि पातं यांच्या सांध्यावर भिंग धरा. जुन्या जोडीत दोन्हींचा काळपटपणा एकमेकांत मिसळलेला असतो आणि फटीत जुनी घाण भरलेली असते. रिव्हेटभोवती ताजी, चमकती ओरखड्यांची कडी दिसली तर पातं अलीकडे बदललं आहे. मी अशी वस्तू केवळ मुठीच्या किमतीला घेईन, त्याहून एक रुपया जास्त देणार नाही.

नव्या धोपेच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. पोवाड्याच्या कार्यक्रमात, नाटकात, मिरवणुकीत मिरवायला तीच बरी. जुनं पातं घामाने आणि पावसाने खराब करण्यात अर्थ नाही. विक्रेत्याने ती नवी म्हणून, नव्याच्या भावात दिली तर माझी काही तक्रार नाही. जुनी घेणार असाल तर शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती परदेशी पाठवता येत नाही आणि विकणाऱ्याकडे त्यासाठीचा परवाना लागतो, तो आधी मागा. शस्त्र कायद्याचे नियम आपल्या जिल्ह्यात कसे लागू आहेत ते पोलिस ठाण्यात विचारून घ्या. आणि पैसे देण्याआधी पुण्याचं केळकर संग्रहालय किंवा कोल्हापूरचा नवा राजवाडा गाठून तिथल्या धोपांच्या पन्हळी कुठे आणि कशा विरतात एवढंच काचेतून पाहून या.