पूजेचं ताट: पितळेचं की जर्मन सिल्व्हरचं? वर्णनात काय लिहायचं

भुलेश्वरच्या दुकानात गिऱ्हाईक ताट हातात घेऊन वजन पाहतं. ऑनलाइन ते काम वर्णनाला करावं लागतं.

पितळेच्या ताटाला ‘पितळ, पॉलिश केलेलं’ एवढंच पुरत नाही. वर लॅकरचा पारदर्शक थर आहे का, तेही लिहा. लॅकर नसेल तर मुंबईच्या दमट हवेत ते काळवंडतं, पण चिंचेने घासलं की पुन्हा उजळतं. लॅकर असेल तर चमक टिकते, मात्र चिंच आणि काथ्याने थर ठिकठिकाणी निघून डाग दिसतात. मग ‘माल खराब’ म्हणून परत येतो.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. बाजारात मात्र चंदेरी मुलामा दिलेलं लोखंडही याच नावाने खपतं. चुंबक घट्ट चिकटला तर ‘लोखंड, चंदेरी मुलामा’ असंच लिहा. मुलामा उडाला की तिथे गंज धरतो.

माप दोन्हींत काठापासून काठापर्यंत देतात, आणि इथेच फसगत होते. काठासह १० इंची ताटाचा सपाट तळ ८ इंचच असेल, तर निरांजन, पंचपात्र आणि घंटा दाटीवाटीने बसतात. दोन्ही मापं द्या.

‘७ नगांचा संच’ असेल तर नग मोजून दाखवा: ताट, निरांजन, पंचपात्र, पळी, घंटा, कोयरी, उदबत्तीचं घर. फोटोतला नारळ संचात नाही, हेही लिहा. ‘घरात लक्ष्मी नांदेल’ या ओळीच्या जागी वजन ग्रॅममध्ये टाका.