केसचा दिवा लुकलुकतो, बड्स मात्र चार्ज होत नाहीत : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दीड हजारातले हे इअरबड्स आवाजाला छान आहेत. फोंडा-पणजी बसच्या गोंगाटातही बोलणं स्पष्ट ऐकू येतं. तक्रार आहे ती चार्जिंगची. पावसाळा संपता संपता केसचा लाल दिवा नुसता लुकलुकू लागला, डावा बड रडतखडत चालायचा आणि उजवा मेलेलाच.

आधी केबल तपासली. लॅपटॉपच्या चार्जरची दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली, तर केस ढिम्म. त्याच केबलवर फोन मात्र व्यवस्थित चार्ज होत होता. मग जुन्या चौकोनी यूएसबी चार्जरची केबल लावली आणि केस लगेच चार्ज व्हायला लागली. कारण असं, की समोर उपकरण जोडलंय हे टाइप-सी चार्जरला कळायला उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. स्वस्त केसमध्ये ते बऱ्याचदा गाळलेले असतात, मग चार्जर वीज सोडतच नाही. चौकोनी पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून तिथे अडत नाही. म्हणजे केबल ‘फोनवर चालते’ एवढ्याने तपासणी पुरी होत नाही.

केस भरली, डावा चार्ज झाला, उजवा तसाच. तो खाचेत ठेवून बोटाने हलकेच दाबला तर त्याचा दिवा लागला, बोट काढलं की गेला. बॅटरी गेली असती तर दाबून काही झालं नसतं, तेव्हा दोष संपर्कबिंदूंचा. फोनचा टॉर्च मारून पाहिलं तर बडवरच्या दोन ठिपक्यांपैकी एकच काळपट-हिरवा! घामट बड तसाच केसमध्ये गेला की त्या खारट ओलीतून वीज वाहते आणि अधिक बाजूचा ठिपका आधी गंजतो. आपल्याकडच्या दमट हवेत ही ओल लवकर सुकतही नाही.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. कान साफ करायच्या काडीच्या कापसाला जेमतेम ओलं करून, बडची जाळी वर आणि ठिपके खाली धरून पुसलं, म्हणजे द्रव जाळीत उतरत नाही. केसमधल्या पिना स्प्रिंगवर असतात. लाकडी टूथपिकने दाबून त्या परत वर येतात का, ते पाहा. माझी एक अडकली होती, अल्कोहोल लावून दोन-चारदा दाबल्यावर सुटली. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर ठेवतं. ब्लेड किंवा सँडपेपर तर मुळीच नको, वरचा पातळ मुलामा निघाला की खालचा धातू आणखी भराभर गंजतो.

अर्धा तास उघडं सुकवल्यावर उजवा बड न दाबता चार्ज झाला.

आता ठेवण्याआधी बड कोरड्या रुमालाने पुसतो. तरी त्या ठिपक्यावरचा मुलामा थोडा गेलेला दिसतो आणि काही आठवड्यांनी काळेपणा परत येतो. घरात वापरायला घ्या. मिरामारला घाम गाळत धावणाऱ्यांनी मात्र थोडे जास्त पैसे घालावेत.