पाच फुटी खिडकी: पडद्याला दोन पन्हे की तीन?

पडद्याचं कापड घ्यायला गेलात की दुकानदार खिडकीची रुंदी विचारतो. पाच फूट म्हटलं, की त्याचा हिशोब तयार असतो: "कापडाची रुंदी, म्हणजे पन्हा, अठ्ठेचाळीस इंचांचा आहे, दोन पन्ह्यांत होऊन जाईल, भाऊ. दोन पन्हे म्हणजे आठ फूट, दीडपटीच्या वर चुण्या पडतील." आकडेमोड चुकीची नाही, पण ती खिडकीवर केलेली आहे. पडदा टांगायचा असतो दांडीवर.

पाच फुटी खिडकीला दांडी दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच पुढे हवीच, नाहीतर कडेने ऊन आत येतं. म्हणजे झाकायची रुंदी ६० नव्हे, ७२ इंच. दुसरीकडे कापडही आक्रसतं. प्रत्येक पडद्याच्या दोन्ही कडांना दोन-दोन इंच दुमडीत जातात, तेव्हा ४८ इंचांच्या पन्ह्याचा तयार पडदा ४४ इंचांचा. दोन पडदे मिळून ८८. आता ८८ ला ७२ ने भागा. दुकानात दीडपटीच्या वर असलेला पडदा घरी टांगल्यावर जेमतेम सव्वापट भरतो.

तीन पन्हे घेतले, तर तिसरा उभा मधोमध कापून अर्धा-अर्धा भाग दोन्ही पडद्यांना जोडायचा. प्रत्येक पडदा ७२ इंच. जोडाला एक आणि कडांना चार इंच गेले की उरतात ६७. दोन्ही मिळून १३४, म्हणजे दांडीच्या पावणेदोन पटीहून थोडं जास्त. शिंप्याला एवढं सांगा, की अर्धा तुकडा भिंतीकडच्या बाजूला लावायचा. जोड चुणीत लपतो आणि मधल्या कडा अखंड पन्ह्याच्या राहतात.

लांबीचं गणित दोन्हींना सारखंच. दांडीपासून जमिनीच्या जरा वरपर्यंत तयार पडदा ८४ इंच धरू. वर रिंगांच्या पट्टीसाठी ५, खाली चार इंचांची दुहेरी दुमड म्हणजे ८, आणि सुती कापड धुतल्यावर आटतं त्यासाठी ३. एका पन्ह्याला १०० इंच, साधारण २.५४ मीटर. दोन पन्ह्यांना पाच मीटरच्या किंचित वर, तीन पन्ह्यांना पावणेआठ मीटरच्या किंचित आत. फरक अडीच मीटरचा. मोठी फुलं किंवा ठरावीक अंतराने येणारी नक्षी असेल, तर प्रत्येक पन्ह्याची लांबी नक्षीच्या पुढच्या पूर्ण फेऱ्यापर्यंत वाढवावी लागते. २४ इंचांची फेरी असेल, तर १०० चे थेट १२० होतात. तिथे तीन पन्हे महागात पडू शकतात, हे मान्य.

तरी माझं मन तीनकडे झुकतं, आणि त्याचं कारण मधली फट. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. कूलर लावला की हवा बाहेर पडायला समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. आमच्या पूर्वीच्या भाड्याच्या घरात अशा पश्चिमेच्या खिडकीला दोन पन्ह्यांचे पडदे होते. बाहेर जाणारी हवा पडद्यांना गजांकडे ओढायची, आणि सव्वापट कापडाला ताणायला काहीच शिल्लक नसल्याने दोघांच्या मधे उभी फट पडायची. त्या फटीतून चार वाजता उन्हाची पट्टी थेट पलंगावर. पडदे जवळ ओढले, की फट मधली मिटून भिंतीकडच्या कडेला उघडायची. आत्ताच्या घरात त्याच मापाच्या खिडकीला तीन पन्हे लावले आहेत. दोन्ही पडदे मधे चुण्यांसकट एकमेकांना भिडतात आणि हवेने हलले तरी चुण्याच उलगडतात, फट पडत नाही. मी तापमान मोजलेलं नाही, पण दुपारी त्या खोलीत आडवं होता येतं, एवढं खात्रीने सांगतो.

चार पन्ह्यांचा मोह मात्र जाड सुती कापडात नको. चुणी अडीचपट होते आणि पडदे उघडल्यावर दोन्ही बाजूंना एवढा जाड गठ्ठा साचतो, की खिडकीचा बराच भाग झाकलेलाच राहतो. पातळ, आरपार दिसणाऱ्या कापडाला ती चुणी शोभते.

उत्तरेच्या खिडकीला, जिथे ऊन रोखायचं नाही, फक्त आडोसा हवा, तिथे दोन पन्हे पुरतात. मी उगाच अडीच मीटर वाढवा म्हणणार नाही. आणि भाव विचारण्याआधी पन्हा विचारा. ५४ इंचांचा मिळाला, तर दोन पन्ह्यांत तयार १०० इंच होतात, दांडीच्या १.४ पट. पश्चिमेला मला तेही कमीच वाटतं, पण पूर्वेच्या खिडकीला चालून जाईल. त्याच पन्ह्याचे तीन घेतलेत, तर १५२ इंच, म्हणजे दुपटीहून थोडं जास्त, आणि लांबी मात्र तीच पावणेआठ मीटर.