वजन सहा किलो वाढलं आणि ताकद गेली – जिमच्या "वेट गेन पॅकेज"चा अनुभव

माझ्यासारखे काडीपैलवान जे आहेत (उंची पाच फूट आठ, वजन तेव्हा ४८ किलो) आणि नोकरीपायी ज्यांना व्यायामाला जेमतेम तास मिळतो, त्यांनी हे वाचा, कारण हे पॅकेज बरोबर आपल्यासारख्यांनाच विकलं जातं. मी डोंबिवलीला राहतो, ऑफिस अंधेरीला, लोकलचे धक्के खाऊन घरी यायला रात्रीचे साडेआठ. स्टेशनजवळच्या एका जिममध्ये (नाव देत नाही) फी भरली तर ट्रेनरने पहिल्याच दिवशी वर खाली बघून सांगितलं, "भाऊ, तुझी बॉडी नुसत्या खाण्याने नाही होणार, तीन महिन्यात बारा किलो गॅरंटी." पॅकेज १८ हजारांचं. त्यात पर्सनल ट्रेनिंग, एक मोठा डबा मास गेनर आणि "आयुर्वेदिक भूक वाढवायची पावडर". पैसे जिमच्या खात्यावर नाही, त्याच्या स्वतःच्या नंबरवर जीपे करायचे, बिल नाही.

आधी व्यायामाचं सांगतो. आठवड्यात सहा दिवस, रोज एक बॉडीपार्ट, सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, मग शोल्डर, बायसेप, ट्रायसेप आणि शनिवारी लेग. ऐकायला मस्त वाटतं पण माझा आठवड्यातला एक दिवस तरी ऑफिस खातंच, आणि बुडालेला पार्ट डायरेक्ट पुढच्या आठवड्यात. पाय तर शनिवारचे, म्हणजे कुठे लग्न, कुठे साखरपुडा, महिना महिना पाय नाहीत. नवीन माणसाचा स्नायू एका व्यायामानंतर दोन तीन दिवसात परत तयार होतो, त्याला आठवडाभर बसवून ठेवायचं काही कारणच नाही. शिवाय किती वजन उचललं हे कोणी लिहीतच नव्हतं, रोज मशीनवर पंधरा पंधराचे सेट, घाम आला की झालं. मीच मोबाईलमध्ये नोंद ठेवायला लागलो आणि नंतर तीच कामाला आली.

आता पावडर. साधा झिपचा पाऊच, वर वाघाचं चित्र आणि "१००% हर्बल", मागे ना कंपनीचा पत्ता, ना बॅच नंबर, ना एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर. रात्री एक चमचा दुधातून. चार पाच दिवसात अशी भूक लागायला लागली की रात्री अकराला उठून पोळी गूळ खायचो, आणि सकाळी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या झोप. दीड महिन्यात काटा ५४ वर. घरात सगळे खूश, वहिनी म्हणाली तब्येत भरली, मी पण खूशच की.

पण मोबाईलमधली नोंद वेगळंच सांगत होती. बेंच प्रेस तीस किलोवर अडकलेला तो अडकलेलाच, उलट आधी दहा व्हायचे तिथे सात. शिंप्याच्या टेपने मोजलं तर दंड तेवढाच, दहा इंच, कंबर मात्र दोन इंच वाढलेली आणि चेहरा गोल गरगरीत. सगळ्यात विचित्र म्हणजे दादरचा पूल चढताना मांड्या भरून यायला लागल्या, खुर्चीतून उठताना हात टेकवावा लागायचा. ट्रेनरला विचारलं तर म्हणे "मसल फुटतायत भाऊ, चांगलं लक्षण आहे."

शेवटी फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चेहरा बघितला आणि पहिला प्रश्न, "कुठली पावडर घेतोस?" सकाळी आठच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं, अगदी कमी. त्यांचं म्हणणं, बाहेरून स्टेरॉइड जातंय म्हणून शरीराने स्वतःचं बनवणं बंद केलंय. अशा "हर्बल" वजनवाढीच्या मालात डेक्सामेथासोन, म्हणजे लोक ज्याला डेक्सा म्हणतात ते, आणि भूक लागावी म्हणून सायप्रोहेप्टाडिन नावाचं ॲलर्जीचं औषध मिसळलेलं सापडतं. झोप येते ती या दुसऱ्यामुळे. आणि हे बॉडीबिल्डर लोक घेतात ते स्टेरॉइड नव्हे, डेक्सा उलट स्नायू खातं, खास करून मांड्यांचे, आणि चरबी पोटावर नि तोंडावर चढवतं. म्हणजे काटा वर जाणार, माणूस आतून पोकळ होणार. डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहून दिली आणि ती हळूहळू कमी करत आणली, कारण असलं काही एकदम बंद केलं तर चक्कर, उलट्या, बीपी पडणं, प्रसंगी जिवावर बेतू शकतं.

मास गेनरचं थोडक्यात, डब्यावरचं लेबल वाचा. माझ्या डब्यात शंभर ग्रॅममागे प्रोटीन १५ ग्रॅम आणि उरलेलं बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे महागडं पिठूळ गोड. त्याऐवजी अर्धा लिटर म्हशीचं दूध, मूठभर शेंगदाणे आणि दोन केळी घेतली तर साधारण हजार कॅलरीच्या आसपास जातात. तेवढंही एकदम लागत नाही, रोजच्या जेवणावर तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त पुरतात. प्रोटीन दर किलो वजनामागे दीड ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ऐंशी ग्रॅम, ते अंडी, दूध, डाळ, पनीर असं मिळून होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बिल्डिंगमधल्या पॉवरलिफ्टिंग करणाऱ्या एका दादाने फुकटात जे लिहून दिलं तेच आता करतोय. आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, पाऊण तास. एका दिवशी स्क्वॉट, बेंच, रो, पुढच्या वेळी स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस, डेडलिफ्ट, आणि हेच आलटून पालटून. पाच पाचचे तीन सेट, डेडलिफ्टचा एकच. स्क्वॉट रिकाम्या बारने, म्हणजे वीस किलोने सुरू, सगळे रेप नीट निघाले की पुढच्या वेळी अडीच किलो जास्त. प्रेसला एवढी वाढ लवकरच जड जाते, म्हणून सव्वा किलोहून बारक्या प्लेट आहेत का विचारून ठेवा, कारण प्लेट दोन्ही बाजूला लागतात, सव्वाच्या लावल्या की अडीच तिथेच झाले. एकाच वजनावर तीनदा अडकलं तर दहा टक्के उतरवायचं आणि परत चढायचं. एक दिवस बुडाला तर पुढच्या दिवशी तोच करायचा, कुठला पार्ट राहत नाही. वजन रविवारी सकाळी उपाशीपोटी, आठवड्याला पाव किलो वाढलं तरी छान, दोन आठवडे हललं नाही तर एक ग्लास दूध वाढवायचं. सूज उतरल्यावर माझं ४९ झालं होतं, आता ५३ आहे आणि स्क्वॉट साडेबासष्टचे पाच निघतात. कोणी पहिल्या महिन्यात चार पाच किलोची गॅरंटी देत असेल तर त्यातला स्नायू किती ते आता तुम्हीच बघा.

पैशांचं काय, तर ट्रेनर म्हणतो "बाकीच्यांना रिझल्ट आला, तुझंच पथ्य चुकलं" आणि मालक म्हणतो पैसे आमच्या खात्यावर आलेच नाहीत, तुमचं तुम्ही बघा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीये आणि उरलेली पावडर पाऊचसकट अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात नेऊन दिलीये, जीपेचे स्क्रीनशॉट जोडून, अजून उत्तर नाही. तुमच्याकडे असाच पाऊच असेल तर फेकू नका, आणि महिनाभर घेत असाल तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका, पाऊच घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.