आयफोन ७ आणि अपडेट न होणारी अ‍ॅप्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

आईसाठी वापरलेला आयफोन ७ घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. फोन म्हणून तो अजूनही उत्तम आहे. आवाज स्वच्छ येतो, कॅमेरा घरगुती फोटोंना पुरेसा आहे, आणि नवी बॅटरी बसवल्यावर दिवस निघतो. कस लागतो तो अ‍ॅप स्टोअरमध्ये, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्याविषयीच लिहितो आहे. विकणाऱ्या दुकानदाराने 'सगळी अ‍ॅप्स चालतात' असे सांगितले होते. ते अर्धेच खरे निघाले.

हा फोन २०१६ साली आला आणि आयओएस १५ च्या पुढे तो जात नाही. २०२२ मध्ये आलेले आयओएस १६ या मॉडेलला मिळालेच नाही, नंतर १५.८ च्या मालिकेत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहिल्या. त्यामुळे फोनच्या सेटिंगमध्ये 'सॉफ्टवेअर अद्ययावत आहे' असे दिसते, आणि तरीही अ‍ॅप स्टोअर 'याहून नवी आयओएस हवी' असे सांगते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात. कुटुंबाचा गप्पांचा ग्रुप ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, त्याची अट ५ मे २०२५ पासून आयओएस १५.१ किंवा त्यापुढची आहे. आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस आयओएस १२ वरच थांबलेले असल्यामुळे त्या दिवशी बाहेर पडले. आयफोन ७ या अटीत थोडक्यात बसतो. नातवाचे फोटो ज्या दुसऱ्या अ‍ॅपवर येतात, त्याची अट मात्र आयओएस १५ च्या पुढे गेलेली आहे.

अशा वेळी अ‍ॅपची जुनी प्रत मिळू शकते, पण ती कोणाला मिळते हे समजून घेतले पाहिजे. अ‍ॅपल जुन्या आवृत्त्या पूर्णपणे काढून टाकत नाही. फोनला चालणारी शेवटची आवृत्ती उपलब्ध असेल, तर ती देऊ का असे अ‍ॅप स्टोअर विचारते. अडचण अशी, की हा प्रश्न भरवशाने विचारला जातो तो ज्या खात्याने ते अ‍ॅप पूर्वी कधी तरी घेतलेले आहे त्या खात्याला. आईचे खाते नवे कोरे होते. त्यामुळे Get दाबले की आयओएस बदलण्याची सूचना येई आणि पुढे काहीच घडत नसे. अ‍ॅप फुकट असले तरी ते घेतल्याची नोंद खात्यावर 'खरेदी' म्हणूनच होते, आणि इथे खरा प्रश्न त्या नोंदीचा असतो.

नोंद करून घेण्यासाठी नवी आयओएस असलेला दुसरा आयफोन लागतो. आम्ही माझा वापरला. माझ्या फोनवर सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर टिचकी मारून Media & Purchases मधून फक्त माझे खाते बाहेर काढले आणि तिथे आईचे घातले; आयक्लाउडला हात लावला नाही, त्यामुळे माझे फोटो आणि संपर्क जागच्या जागी राहिले. मग अ‍ॅप स्टोअरमधून ते अ‍ॅप उतरवले, लगेच काढून टाकले आणि माझे खाते परत घातले. या मधल्या काळात आईच्या खात्यावरची जुनी अ‍ॅप्स माझ्या फोनवर उतरवायची नाहीत आणि आपोआप उतरवण्याची सोयही चालू करायची नाही. तसे केल्यास फोन त्या खात्याशी जोडला जाऊ शकतो आणि ९० दिवस दुसऱ्या खात्याच्या जुन्या खरेद्या त्यावर उतरवता येत नाहीत. तशी सूचना पडद्यावर येते. ती न वाचता होकार देऊ नये.

यानंतर आईच्या फोनवर अ‍ॅप स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातील चित्रावर जाऊन Purchased आणि त्यात Not on this iPhone ही यादी उघडली. तिथे ते अ‍ॅप ढगाच्या चिन्हासह दिसत होते. चिन्ह दाबल्यावर चालू आवृत्ती या फोनसाठी नाही, शेवटची चालणारी आवृत्ती हवी का, असा प्रश्न आला, आणि होकार दिल्यावर अ‍ॅप उतरले. हा उपाय नेहमीच लागू पडेल असे नाही. जुनी आवृत्ती देणे बंद करण्याचा अधिकार अ‍ॅप बनवणाऱ्याकडे असतो, आणि त्याने तो वापरला असेल तर यादीत नाव दिसूनही हाती काही येत नाही.

मिळालेली जुनी प्रत जपावी लागते. जागा कमी पडू लागली की न वापरलेली अ‍ॅप्स आयफोन स्वतःहून काढतो; माहिती राहते, अ‍ॅप जाते. परत घेताना ते पुन्हा अ‍ॅप स्टोअरमधूनच यावे लागते, आणि तोवर जुनी आवृत्ती बंद झालेली असेल तर राहिलेली माहिती उघडायला काहीच उरत नाही. म्हणून सेटिंगमधील अ‍ॅप स्टोअरच्या पानावरचे Offload Unused Apps पहिल्याच दिवशी बंद केले. आयक्लाउडचा बॅकअपही इथे कामी येत नाही, कारण त्यात अ‍ॅपची माहिती असते, अ‍ॅप स्वतः नसते. 'बॅकअप घेऊन फोन साफ करून देतो' असे सुचवणाऱ्या हितचिंतक भाच्यांना त्यामुळे आवर घालावा लागतो.

जुन्या प्रतीचे आयुष्य मात्र सर्व्हरच्या हातात असते. फोटोंच्या अ‍ॅपमध्ये फोटो आणि साधे व्हिडिओ दिसतात; नव्या धाटणीच्या काही पोस्टच्या जागी 'अपडेट करा' एवढीच पाटी येते. निरोपांच्या अ‍ॅपमध्ये नियम अधिक कडक असतो, कारण त्याच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते आणि ती संपली की अ‍ॅप उघडतच नाही. त्यामुळे उद्या व्हॉट्सअ‍ॅपची अट आयओएस १५ च्या पुढे गेली, तर खरेदीच्या यादीतून काढलेली जुनी प्रत फार काळ कामाला येणार नाही.

प्रदेशाची अडचण वेगळी आहे आणि ती ओळखणे सोपे आहे. आयओएस जुनी असेल तर आयफोनवर अ‍ॅप दिसते आणि कारण सांगून नकार मिळतो. प्रदेश आड येत असेल तर शोधूनही अ‍ॅप सापडत नाही, किंवा ते आपल्या देशात उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. आयफोनवर हा देश सिमवरून किंवा आपण कुठे उभे आहोत यावरून ठरत नाही, खात्यावर नोंदलेल्या देशावरून ठरतो. म्हणूनच परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या खात्यावर चालणाऱ्या फोनमध्ये इथली काही अ‍ॅप्स सापडत नाहीत. खात्याचा देश बदलता येतो, पण त्याआधी खात्यातली शिल्लक संपवावी लागते आणि चालू वर्गण्या बंद करून त्यांची मुदत सरू द्यावी लागते. शिवाय जुन्या देशात घेतलेले एखादे अ‍ॅप नव्या देशात नसेल तर ते पुन्हा उतरवता येत नाही. मात्र दुसऱ्या देशाचे खाते केले म्हणजे अ‍ॅप चालेलच असे नाही. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, तेव्हा ती स्टोअरमधून तर गेलीच, पण टिकटॉकची सेवाही भारतात थांबली.

ब्राउझरचा मार्गही आम्ही वापरून पाहिला. फोटोंची साइट सफारीत चालते आणि तिचे चिन्ह होम स्क्रीनवर ठेवता येते, पण नवा फोटो आल्याची सूचना मिळत नाही, कारण साइटवरून सूचना येण्याची सोय आयओएस १६.४ पासूनची आहे. दुसरा ब्राउझर टाकूनही फरक पडला नाही. आयओएस १५ वर प्रत्येक ब्राउझरला आत सफारीचेच इंजिन वापरावे लागते, आणि ते आयओएसबरोबरच जुने होत जाते. या बाबतीत जुना अँड्रॉइड बरा, त्याचा ब्राउझर प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अपडेट होत राहतो.

एवढे असूनही आईच्या वापरापुरता हा फोन मी ठेवला आहे, कारण तिचे महत्त्वाचे अ‍ॅप अजून अपडेट होते आणि दुसऱ्याची जुनी प्रत भागवून नेते. आज कोणी नव्याने आयफोन ७ घेणार असेल, तर पैसे देण्यापूर्वी दुकानातच आपल्या खात्याने अ‍ॅप स्टोअर उघडावे, लागणारे प्रत्येक अ‍ॅप त्या फोनवर उतरवून पाहावे, आणि उतरले ते चालू आवृत्तीचे की जुन्या, हे तिथेच तपासावे. जी अ‍ॅप्स जुन्याच आवृत्तीत मिळतील, ती नसली तरी फोन चालेल का, यावर खरेदी ठरवावी.